जुन्या ट्रॅक्टरची किंमत कशी काढायची: वय, तास, दुरुस्ती आणि आपल्या भागातली मागणी

आठ वर्षांपूर्वी मी पहिला जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा फक्त मीटर बघितला. २,३०० तास होते. मालक म्हणाला, "पावणं, मीटर बोलतोय, मी कशाला बोलू?" मी विश्वास ठेवला. दुसऱ्याच वर्षी आधी क्लच गेला, मग गिअरबॉक्स उघडावा लागला, आणि लाखभर रुपये गेले. तो ट्रॅक्टर दोन हंगाम डबल ट्रॉलीनं ऊस ओढून आला होता, हे मिस्त्रींनी हुक बघून पाच मिनिटांत सांगितलं. ते पाच मिनिटं आधी मिळाले असते तर पैसे वाचले असते.

त्यानंतर माझ्यासाठी आणि पाहुण्यांसाठी मिळून सात-आठ ट्रॅक्टरचे व्यवहार जवळून बघितले. वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात जुना ट्रॅक्टर घेताना किंमत कशी काढायची, ती माझी पद्धत इथं लिहितो. दर माझ्या अनुभवाचे आहेत, तुमच्या मिस्त्रींना विचारून थोडे इकडेतिकडे करा, पण क्रम मोडू नका. उदाहरण म्हणून मावसभावासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये बघितलेला ४५ एचपीचा ट्रॅक्टर शेवटपर्यंत बरोबर घेतो. नोव्हेंबर २०१९ चा, मीटरला ३,४५० तास, मालकाची मागणी ४ लाख ६० हजार.

जाताना बरोबर काय न्यायचं

- आपला ओळखीचा मिस्त्री. विकणाऱ्याचा नको. त्याची दिवसाची मजुरी आधीच ठरवा.
- उजेडाची बॅटरी, जुनं फडकं, चॅसिस नंबर वाचायला वायरब्रश.
- वही. प्रत्येक खोट लिहायची आणि तिच्यापुढं रक्कम मांडायची.
- जड अवजार लागेल, म्हणजे रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर. ते मालकाकडंच तयार ठेवायला आदल्या दिवशी सांगा.

आणखी एक, फोनवर सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवून बघा. गरम लागलं तर थंड इंजिन कसं सुरू होतं हे त्या दिवशी कळणार नाही, मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

१. सुरुवात आजच्या नव्या किमतीपासून करा

विकणारा नेहमी स्वतः घेतलेल्या किमतीपासून बोलतो. "मी साडेसातला घेतलाय," असं. त्याचा आणि आपला संबंध नाही. आपल्याला हवी ती त्याच मॉडेलची, किंवा तो बंद झाला असेल तर त्याच ताकदीच्या जवळच्या मॉडेलची, आजची बिलाची किंमत. शोरूममध्ये जाऊन कोटेशन मागा, ते फुकट देतात.

हे आत्ता जास्त महत्त्वाचं झालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. टायर आणि सुट्या भागांवरचाही कमी झाला. आमच्या उदाहरणातल्या ट्रॅक्टरची जुनी बिलाची किंमत साडेसात लाख धरली तर त्यातला कर वजा जाता ६ लाख ७० हजार, त्यावर ५ टक्के म्हणजे ७ लाख ३ हजार. नवा ट्रॅक्टर ४७ हजारांनी उतरला तर जुन्यालाही उतरावंच लागतं. पण बरेच मालक आणि दलाल अजून जुन्या आकड्यावरच बोलतात. कोटेशनचा कागद खिशात असू द्या.

२. वयाची घट

मी पहिल्या वर्षाला १५ टक्के आणि पुढं दर वर्षी उरलेल्या रकमेच्या ८ टक्के कापतो. ७.०३ लाखांवरून पहिल्या वर्षानंतर ५.९८ लाख, मग ५.५०, ५.०६, ४.६५, ४.२८ आणि सहा वर्षं पूर्ण होताना ३.९४ लाख. हा वयाचा आकडा. ट्रॅक्टर साधारण वापरला असेल आणि धड असेल तर तो एवढ्याचा.

वय आरसीवरच्या उत्पादनाच्या महिन्यापासून मोजा, पासिंगपासून नाही. शोरूममध्ये आठ-दहा महिने उभा राहिलेला ट्रॅक्टर कागदावर वर्षभरानं तरुण दिसतो.

एक चूक बरेच जण करतात. विमा पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली किंमत बघतात आणि तीच बाजारातली किंमत समजतात. आयडीव्ही ठरलेल्या तक्त्यानं उतरते, चार वर्षं पार झाली की पाच वर्षांपर्यंत ती निम्म्यावर असते. बाजारात ट्रॅक्टर तेवढा पडत नाही. त्या आकड्यावर अडून बसलात तर चांगला ट्रॅक्टर दुसरा कुणीतरी घेऊन जाईल.

३. तास: मीटर वाचा, मग यंत्र वाचा

या पायरीवर सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा जातात, म्हणून इथं थोडं थांबतो.

आधी मीटर काय मोजतो ते समजून घ्या. बऱ्याच ट्रॅक्टरवरचा केबलचा तासमीटर घड्याळासारखा वेळ मोजत नाही, तो इंजिनाच्या फेऱ्या मोजतो. कंपनीनं ठरवलेल्या फेऱ्यांवर इंजिन तासभर चाललं तर मीटरला एक तास पडतो. त्यापेक्षा हळू चाललं तर तासाला अर्धा-पाऊणच पडतो. म्हणजे साखर कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर नंबराच्या रांगेत रात्रभर थोडाथोडा पुढं सरकत राहिला तर मीटरवर दिसतं त्यापेक्षा इंजिन कितीतरी जास्त वेळ चाललेलं असतं.

आणि तास सारखे असले तरी झीज सारखी नसते. घरच्या चार एकरांत रोटर मारून झालेले हजार तास आणि दोन भरलेल्या ट्रॉल्या चढावर ओढून झालेले हजार तास यांत फार अंतर आहे. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि ब्रेक आधी जातात. इंजिन त्या मानानं टिकतं. म्हणून "इंजिनाचा आवाज बघा की कसा गोड हाय" हे ऐकून भुलू नका.

शिवाय केबल काढली की मीटर थांबतो, मीटर बदलला की शून्यापासून सुरू होतो. हे नेहमी फसवण्यासाठीच केलेलं असतं असं नाही. केबल तुटते आणि मालक वर्षभर बसवत नाही, असंही होतं.

मग खरे तास कशावरून ओळखायचे? मी चार जागा बघतो.

पहिली जागा मागचा हुक. खाली बसा, ट्रॉलीची पिन जाते त्या भोकात बोट फिरवा. शेतकामाच्या ट्रॅक्टरचं भोक गोल असतं, कडा खडबडीत लागतात. ऊस ओढलेल्याचं भोक मागच्या बाजूला लांबट होतं, अंड्यासारखं, आणि कडा आरशासारखी गुळगुळीत. वेल्डिंग करून भोक भरलेलं, किंवा जुन्या ट्रॅक्टरला कोरा हुक बसवलेला दिसला तर लगेच विचारा, का बदलला?

दुसरी जागा क्लचचा पेडल. रबर गेलं असेल तर लोखंडावरच्या रेघा बघा. ३,००० तासांत त्या पुसट होतात, पण पेडलचा डावा कोपरा झिजून तिरका झाला असेल तर पाय त्यावर फार पडलाय.

तिसरी जागा टायर. टायरच्या बाजूला चार आकडे गोळ्यात कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या उदाहरणात मागच्या टायरवर ३२२२ होतं, म्हणजे २०२२ चा ३२ वा आठवडा. ट्रॅक्टर २०१९ चा. याचा अर्थ पहिले टायर तीन वर्षांत संपले आणि दुसरी जोडीही आता सपाट झाली होती. मातीत चालणारा ट्रॅक्टर सहा वर्षांत दोन जोड्या खात नाही, डांबरावर चालणारा खातो.

चौथी जागा सर्व्हिसचं पुस्तक. मालकाला बरोबर घेऊन शोरूमच्या वर्कशॉपमध्ये चॅसिस नंबर द्या, ते जॉबकार्ड बघून शेवटची सर्व्हिस किती तासांना झाली ते सांगतात. आमच्या ट्रॅक्टरची २०२२ च्या पावसाळ्यात २,१०० तासांना झालेली नोंद निघाली. तीन वर्षांपेक्षा कमी वेळात एवढे तास, आणि पुढच्या तीन वर्षांत फक्त १,३५० कसे? मालकाला शांतपणे विचारलं. म्हणाला, "दोन सीझन वाहतूक केली दादा, त्यात केबल तुटली व्हती." खरं बोलला म्हणून पुढचं बोलणं सोपं झालं. एका हंगामात ७००-८०० तास धरून आणि मधला काही काळ मीटर चालू होता हे सोडून आम्ही खरे तास ५,००० धरले.

आता याचे पैसे. आपल्या भागात वर्षाला ६०० तास हा मी साधारण वापर मानतो. सहा वर्षांचे ३,६००. जास्तीचे तास १,४००. शेती यंत्रांच्या हिशोबात ट्रॅक्टरचं आयुष्य १०,००० तास धरायची रीत आहे. एवढ्या आयुष्यात इंजिन, दोन-तीन वेळा क्लच, गिअरबॉक्स, लिफ्ट, पंप-नोझल अशी मोठी कामं मिळून माझ्या अंदाजानं अडीच लाख लागतात, टायर सोडून. म्हणजे तासाला २५ रुपये. १,४०० तासांचे ३५ हजार वजा. तास साधारणपेक्षा कमी आणि पुराव्यासकट असतील तर याच दरानं किंमत वाढवून द्या. तो मालकाचा हक्क आहे.

४. दुरुस्ती: झालेली आणि होणारी

थंड इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटाचा थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, लोड दिल्यावर काळा धूर भकाभक आला तर नोझल-पंप किंवा एअर फिल्टरकडं बघा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून जोरात धूर फुंकला जात असेल तर रिंगा, लायनर संपलेत, हे इंजिनकाम समजा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी दिसलं तर पाणी मिसळतंय, तिथंच व्यवहार थांबवा. रक्कम कापून हा धोका भागत नाही.

मग लिफ्टला रोटाव्हेटर लावा, पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं चहा घ्या. अवजार बोटभर खाली आलं तर चालतं, जमिनीला टेकलं तर लिफ्टचं काम आहे. त्यानंतर शेतात नांगर लावून चालवा. गिअर आपोआप सुटतो का, क्लच घसरतो का, हे रिकाम्या रस्त्यावर कधी कळत नाही.

झालेल्या दुरुस्तीचं मोल कसं धरायचं हा मोठा वादाचा मुद्दा असतो. मालक म्हणतो, "आत्ताच सत्तर हजाराचं इंजिन केलंय, तेवढं वाढवून द्या." तसं होत नाही. इंजिन केलं म्हणून तर ट्रॅक्टर चालतोय, आणि चालणारा ट्रॅक्टर आपण वयाच्या आकड्यात धरलाच आहे. नवीन कामाचं जे आयुष्य शिल्लक आहे त्याचेच पैसे द्यायचे, तेही पार्टचं बिल दाखवलं तर. बिल असेल तर मी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत धरतो, बिल नसेल तर काहीच नाही. बिलावर काय बदललं तेही वाचा. फक्त रिंगा बदलल्या असतील तर त्याला इंजिन केलं म्हणत नाहीत.

होणारी दुरुस्ती धरताना एकच खोट दोनदा कापू नका. आमच्या उदाहरणात जास्तीच्या तासांचे पैसे आधीच कापले होते, त्यामुळं ॲक्सलच्या सीलमधून येणारं थोडं ऑइल परत धरलं नाही. मागच्या टायरची जोडी ४५ हजारांची सांगितली होती, पण सहा वर्षांच्या ट्रॅक्टरचे टायर निम्मे झिजलेले असणारच, म्हणून निम्मे म्हणजे २२ हजार कापले. लिफ्ट टेकली होती, तिचे मिस्त्रींनी ८ हजार सांगितले. उलट क्लच वर्षापूर्वी बदललेला, २४ हजारांचं बिल होतं, त्याचे ४० टक्के, ढोबळमानानं १० हजार वाढवले.

आता बेरीज-वजाबाकी: ३.९४ लाखांतून तासांचे ३५ हजार, टायरचे २२ हजार, लिफ्टचे ८ हजार गेले, क्लचचे १० हजार आले. राहिले ३ लाख ३९ हजार.

५. आपल्या भागातली मागणी

हाच ट्रॅक्टर एप्रिल-मेमध्ये स्वस्त आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये महाग असतो. गाळप संपलं की ज्यांची ऊसतोडीची टोळी पळाली, ज्यांची कारखान्याकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर आली, ते वाहतूकदार ट्रॅक्टर विकायला काढतात. दसऱ्यापासून कारखाने सुरू होईपर्यंत तेच ट्रॅक्टर शोधणारे दहा असतात. मात्र ४५-५० एचपीचाच भाव असा वरखाली होतो. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात छोट्या, अरुंद ट्रॅक्टरला फवारणीच्या ब्लोअरसाठी मागणी असते आणि ती ऑक्टोबर छाटणीच्या आधी चढते. तोच छोटा ट्रॅक्टर वाळव्याच्या काळ्या रानात नांगरटीला कुणी विचारत नाही. म्हणून ज्या भागात यंत्राला गिऱ्हाईक कमी तिथं जाऊन घ्यावं, तीस-चाळीस किलोमीटरनं फरक पडतो.

या पायरीला मी जास्तीत जास्त ५ ते ८ टक्के वरखाली करतो. मॉडेलचे पार्ट कराड किंवा सांगलीत हातोहात मिळत नसतील तर मात्र १० टक्केही कापावेत, कारण हंगामात चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर पार्टच्या किमतीपेक्षा ते चार दिवस महाग पडतात. आमचा व्यवहार ऑक्टोबरमधला, म्हणून ५ टक्के म्हणजे १७ हजार वाढवले. किंमत आली ३ लाख ५६ हजार.

६. बोलणी आणि कागद

आम्ही ३.३५ पासून बोललो आणि वहीतला हिशोब मालकापुढं ठेवला. घासाघीस करण्यापेक्षा हे बरं. प्रत्येक वजाबाकी त्याला दिसते आणि तो एखादी खोडूही शकतो. मालक ३.८० वर आला, शेवटी ३.६० ला ठरलं, लिफ्टचं काम त्यानं करून द्यायचं या बोलीवर.

विसार देण्याआधी हे कागद बघा:

- मूळ आरसी, विकणाऱ्याच्याच नावावर. मधला मालक कागदावर नसेल तर थांबा.
- आरसीची मुदत. ती १५ वर्षांची असते, संपत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून कापा.
- आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५.
- नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्यांसह.
- ट्रॅक्टर दुसऱ्या आरटीओचा असेल, जसं सांगलीच्या माणसानं एमएच-११ किंवा एमएच-५० चा घेतला, तर तिथली एनओसी लागेल का ते आधी आरटीओत विचारा.
- चालू विमा. तोही आपल्या नावावर करून घ्यायचा.
- ट्रॉली घेत असाल तर तिची आरसी वेगळी असते, तिचे फॉर्मही वेगळे.

चॅसिस आणि इंजिन नंबर वायरब्रशनं घासून स्वतः वाचा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. फोटोवरून जुळवू नका. बँकेचा बोजा एमपरिवहन ॲपवरही दिसतो, पण कर्ज फिटूनही नोंद न उतरलेली असते, म्हणून फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. वाहतुकीचा ट्रॅक्टर असेल तर कारखान्याच्या कराराची उचल बाकी आहे का, हेही विचारा आणि उत्तर विक्रीच्या कागदावर लिहून घ्या.

स्टँपवर लिहिलं, नोटरी केली आणि नाव नंतर करू म्हणून सोडलं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. उद्या अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाला जाते आणि तो तुम्हाला शोधत येतो. मालक वारला तर वारसांच्या सह्या गोळा करता करता वर्ष जातं. आम्ही १० हजार विसार दिला, बाकी रक्कम बँकेतून, आणि २० हजार नाव झाल्यावर द्यायचे असं लिहून ठेवलं. ते आता माझ्या प्रत्येक व्यवहारात असतं.

ट्रॅक्टर घरी आल्यावर आम्ही सगळी ऑइलं आणि फिल्टर बदलले, नवी केबल बसवली, आणि त्या दिवशीचा मीटर ३,४५२ वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहिला. पुढचं प्रत्येक काम त्याखाली बिलासकट लिहिलं जातं. मावसभाऊ हा ट्रॅक्टर विकायला काढेल तेव्हा ती वही गिऱ्हाइकापुढं ठेवायची आहे.